एकमुखी दत्त

माझी आई लग्न होऊन इथं आली त्याला साठ वर्षं होत आली. या साठ वर्षांत तिनं आपल्या स्टेशनाचं नाव एकदाही तोंडातून काढलेलं नाही. स्टेशन विठ्ठलवाडी आणि आमच्या वडिलांचं नाव विठ्ठल. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा तिचा नेम. मग ते रेल्वेनं पाटीवर लिहिलेलं का असेना. दादरहून परतताना तिकिटाच्या खिडकीशी ती म्हणायची, “कल्याणच्या पुढचं एक द्या.” आतला माणूस वैतागायचा. “आजी, पुढं कर्जतपर्यंत स्टेशनंच आहेत.” त्यावर आई, “उल्हासनगरच्या अलीकडचं,” असं म्हणून पैसे सरकवायची. कल्याण आणि उल्हासनगरच्या मध्ये एकच स्टेशन आहे, म्हणून तिचा नेम टिकला.

हे आठवायचं कारण माझा पासपोर्ट. मुलगी डब्लिनला असते. तिनं फोनवर गोड बातमी दिली आणि त्याच दमात म्हणाली, “बाबा, पासपोर्ट काढा.” सौभाग्यवतींचा पासपोर्ट आधीच झाला होता, कारण तिचे सगळे कागद एका सुरात बोलतात. लग्नानंतर तिनं एक नाव, एक स्पेलिंग ठरवलं आणि पुढं बँकेपासून गॅसच्या पुस्तकापर्यंत तेच लावलं. मी मात्र चौतीस वर्षं प्रूफरीडर. लोकांच्या वेलांट्या ऱ्हस्वाच्या दीर्घ आणि दीर्घाच्या ऱ्हस्व करण्यात माझा जन्म गेला. तेव्हा सरकारकडं कागद तपासायची वेळ मागायची तर ती शुद्ध मराठीत मागावी, एवढं मला कळत होतं. मी दीड पानी अर्ज लिहिला.

“प्रति, माननीय पासपोर्ट अधिकारी. विषय : मूळ कागदपत्रांच्या पडताळणीसाठी वेळ मिळणेबाबत. महोदय, मी खाली सही करणार दत्तात्रेय विठ्ठल मोरे, वय वर्षे ५६, राहणार विठ्ठलवाडी, तालुका उल्हासनगर, जिल्हा ठाणे (पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील विठ्ठलवाडी नव्हे), आपणांस विनंती करतो की...” पुढं ओळखीचा तपशील होता. जन्मतारखेपुढं मी कंसात खुलासा केला होता : “१ जून १९६९, शाळेच्या दाखल्याप्रमाणे. मातोश्रींच्या म्हणण्याप्रमाणे नागपंचमीच्या आदल्या दिवशी.”

हा खुलासा मला आवश्यक वाटला, कारण आमच्या वर्गात तेरा जणांचा वाढदिवस १ जूनला होता. तेरा आया एकाच दिवशी बाळंत झाल्या नव्हत्या. शाळा जूनमध्ये उघडायची, मुलाचं वय भरलेलं दिसायला हवं, आईबापांना तारीख ठाऊक नसायची किंवा ती पंचांगातली असायची. गुरुजी पोराकडं एकदा बघायचे, कान धरून उंची मापायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्या एका दौतीतून महाराष्ट्राची एक अख्खी पिढी जन्माला आली आणि पुढं एकाच दिवशी निवृत्त झाली.

अर्जाचा शेवटचा परिच्छेद मला सर्वांत आवडला होता. “अर्जदारास सोयीच्या तारखा पुढीलप्रमाणे : एक, कोणताही मंगळवार, संकष्टी नसल्यास. दोन, कोणताही शुक्रवार, सकाळी अकरानंतर, लोकलची गर्दी ओसरल्यावर. तीन, उपरोक्त दोन्ही शक्य नसल्यास आपणांस योग्य वाटेल ती तारीख, परंतु गुरुवार वगळून, कारण त्या दिवशी अर्जदाराचा उपवास असतो व फोटोत चेहरा उतरलेला दिसण्याची शक्यता आहे.”

हा अर्ज घेऊन मी स्टेशनाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकान सिंधी शेठचं. शेठच्या आजोबांची गोष्ट तो गिऱ्हाईक बसलं की सांगतो. फाळणीनंतर निर्वासितांची छावणी इथं लष्कराच्या जुन्या बराकींत पडली, १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं, आणि आजोबा आले ते एक पेटी आणि एक नाव घेऊन. “कागद एकपण नव्हता, साई. त्यामुळे स्पेलिंगचा झगडाच नाही. जे तोंडानं सांगितलं ते इथं पहिल्यांदा लिहिलं गेलं.” मला तेव्हा ही गोष्ट करुण वाटली होती. पुढच्या तीन महिन्यांत मला त्या आजोबांचा हेवा वाटायला लागला.

शेठच्या दुकानात कॉम्प्युटरवर एक पोरगी बसते. बारावी झालेली, केसांना क्लचर, आणि समोरच्याचं बोलणं संपायच्या आत कीबोर्डवर बोटं. तिनं माझा अर्ज वाचला. पूर्ण वाचला, हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर घरच्यांनीसुद्धा तो पूर्ण वाचला नाही.

“काका, खूप छान लिहिलंय. पण पाठवणार कुणाला?”

“पासपोर्ट अधिकाऱ्यांना. तारीख मागायला.”

“तारीख मागायची नसते. उचलायची असते.”

मग तिनं मला दाखवलं. passportindia.gov.in या साइटवर खातं उघडायचं, अर्ज भरायचा, पाठवायचा. अर्जाला नंबर पडतो. मग Pay and Schedule Appointment या ठिकाणी केंद्र निवडायचं, दीड हजार रुपये भरायचे, आणि त्या केंद्रात ज्या तारखा मोकळ्या दिसतील त्यातली एक घ्यायची. पैसे आधी, तारीख मागाहून. मंगळवार, संकष्टी, उपवास यांच्यासाठी रकाना नाही. “आणि काका, हीच साइट हं. अशाच दिसणाऱ्या खोट्या साइटी असतात, त्या जास्त पैसे घेतात आणि तारीख देतच नाहीत. शेवटी gov.in आहे का बघायचं.” माझ्यासारख्या प्रूफरीडरला तिनं शब्दाचं शेपूट तपासायला सांगितलं.

तारखेआधी तिनं कागद मागितले. मी पिशवी उपडी केली. तिनं तीन कागद काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि पंखा बंद केला, उडू नयेत म्हणून.

पहिलं, मार्च १९८५चं दहावीचं प्रमाणपत्र. तिथं आडनाव आधी : MORE DATTATRAY VITTHAL. दुसरं, आधार कार्ड : DATTATREYA VITHAL MORE. तिसरं, मतदार ओळखपत्र : दत्ता विठोबा मोरे.

“यातले तुम्ही कोण?” तिनं विचारलं.

प्रश्न सरळ होता, पण उत्तर देताना मला घाम फुटला. कारण तिन्ही मीच होतो आणि तिन्हींत थोडाथोडा दोष माझाच होता.

दहावीतलं नाव गुरुजींनी लिहिलेलं. दत्तात्रय. घरोघरी असंच म्हणतात. पुढं मी छापखान्यात लागलो आणि तिथल्या ज्येष्ठ प्रूफरीडरांनी पहिल्याच आठवड्यात मला सुनावलं की माझं नावच चुकीचं आहे. अत्रिऋषींचा मुलगा तो आत्रेय. दत्त अधिक आत्रेय, म्हणून दत्तात्रेय. ‘त्रय’ला व्याकरणात आधार नाही. त्या वयात माणसाला शुद्धलेखन चढतं. मी त्या दिवसापासून दत्तात्रेय झालो. सही बदलली, रेशनकार्डावर भांडून मात्रा घालून घेतली, लग्नपत्रिकेत तर ‘त्रे’ जाड टाइपात घेतला. आधारच्या केंद्रावर गेलो तेव्हाही मी ताठ बसलो होतो. तिथं पडद्यावर नाव दोन भाषांत दिसतं आणि बरोबर आहे का ते आपल्याकडूनच बघून घेतात. मी मराठी ओळ तीनदा वाचली. मात्रा होती, ठ्ठ ठसठशीत होता. मी होकार दिला. इंग्रजी ओळीकडं मी पाहिलंसुद्धा नाही. ते खातं माझं नव्हतं. त्या खात्यात विठ्ठलाचा एक टी गळून पडला होता.

मतदार ओळखपत्राचं सांगायचं तर यादी करायला आलेल्या माणसाला नाव आईनं सांगितलं होतं. मुलाचं नाव? “दत्ता.” वडिलांचं? आई गप्प. शेजारणीनं मदत केली : “पंढरपूरचे नाही का ते.” त्या भल्या माणसानं विठोबा लिहिलं.

“काका, दत्ताला तीन तोंडं असतात ना,” पोरगी म्हणाली, “पासपोर्टला एकच चालतं.”

मग तिनं मला जे समजावलं ते सगळ्या भानगडीचं मर्म होतं, म्हणून जरा सावकाश सांगतो. केंद्रावर गेल्यावर तिथले लोक आपल्याला ओळखत नसतात. ते कागदांना एकमेकांशी ओळख विचारतात. जन्मतारखेसाठी मी दहावीचं प्रमाणपत्र देणार. पत्त्यासाठी आधार देणार. आता हे दोन कागद जर एकमेकांना म्हणाले की आम्ही या गृहस्थांना ओळखत नाही, तर अर्ज अडकतो आणि हेलपाटा पडतो. माझ्याकडं किती कागद आहेत याला किंमत नाही. उलट जेवढे जास्त दाखवाल तेवढे साक्षीदार फितूर व्हायची भीती. म्हणून आधी एक कागद पाया धरायचा आणि बाकीचे त्याला जुळवून घ्यायचे. पाया असा धरायचा की जो बदलणं सर्वांत अवघड. दहावीचं प्रमाणपत्र चाळीस वर्षांपूर्वीचं, ते बदलणं म्हणजे शाळा, बोर्ड, सगळं गाव. पॅनकार्ड त्याच्याशी जुळत होतं. ते माझ्या छापखान्याच्या हिशेबनिसानं परस्पर दहावीच्या सर्टिफिकेटवरून भरलं होतं आणि त्या वेळी मी त्याच्याशी मात्रेवरून आठवडाभर बोललो नव्हतो. देवाघरी त्याला माझा नमस्कार पोचो. मतदार ओळखपत्र घरीच ठेवायचं. ते कुणी मागितलेलं नाही. राहिलं आधार.

“आधारात नाव किती वेळा बदलता येतं?” मी विचारलं.

“दोनदा. आयुष्यात.”

आमच्या धंद्यात पुस्तकाची तीन प्रूफं निघतात, आणि चौथ्यांदाही चूक सापडली तर मालकाच्या पाया पडता येतं. इथं जन्माला दोनच प्रूफं. जन्मतारखेला तर एकच.

आधारची दुरुस्ती आधी करा, मग पासपोर्टचे पैसे भरा, असं ती पोरगी स्वच्छ म्हणाली होती. पण घरात जावयाचा फोन आला, व्हिसाला किती दिवस लागतात याची चर्चा झाली आणि मी तडकाफडकी म्हणालो, “तारीख घे. तोवर आधार होऊन जाईल.” ती म्हणाली, “काका, तारीख तीनदाच बदलता येते. तीही वर्षाच्या आत.” मी म्हणालो, “बदलायची कशाला?”

अर्ज भरताना एक गंमत झाली. पासपोर्टात ‘दिलेलं नाव’ आणि ‘आडनाव’ असे दोनच रकाने. आपल्याकडं मधलं नाव वडिलांचं, त्यामुळं ते दिलेल्या नावात जातं : DATTATRAY VITTHAL. आडनावात MORE. तिनं वाचून दाखवताना म्हटलं, “दत्तात्रय विठ्ठल... मोर. अजून काय काका?” आडनावच आहे ते, म्हटलं. आईवडिलांच्या नावांपैकी आता एकच पुरतं. सौभाग्यवतीनं फोनवरून सुचवलं की आईंचंच लावा, विठ्ठलाचा प्रश्नच मिटेल. पण विठ्ठल माझ्या नावाच्या मध्येच उभा होता, कमरेवर हात ठेवून. त्याला वळसा घालून जाता येत नव्हतं.

पोलीस ठाणं निवडताना मात्र तिनं मला थांबवलं. आमच्या रुळांच्या एका बाजूला उल्हासनगर, दुसऱ्या बाजूला कल्याण पूर्व. पत्ता सांगताना दोन्हीकडचे लोक विठ्ठलवाडीच म्हणतात, पण एकीकडं विठ्ठलवाडी पोलीस ठाणं आणि पलीकडच्या बऱ्याच भागाला कोळसेवाडी. चुकीचं निवडलं की चौकशीचा कागद पुलावरून पलीकडं जातो आणि तिथून ‘इसम या हद्दीत राहत नाही’ असा शेरा घेऊन परततो. आमच्या शेजारच्या चाळीत एका गृहस्थांचं तसं झालं होतं. ते तीन महिने या हद्दीत राहत असूनही राहत नव्हते.

पहिली तारीख दहा दिवसांनंतरची मिळाली.

आधारच्या दुरुस्तीसाठी पुन्हा वेगळी वेळ घेतली. म्हणजे कागद तपासायच्या तारखेसाठी कागद दुरुस्त करायची तारीख. तिथं पुरावा म्हणून पॅनकार्ड दिलं. पडद्यावर दोन ओळी आल्या. या वेळी मी इंग्रजी ओळ अक्षर अक्षर बोट ठेवून वाचली : टी, टी, एच. मग मराठी ओळ वाचली. दत्तात्रय. मात्रा नाही. समोरचा मुलगा म्हणाला, “बरोबर आहे ना?” चौतीस वर्षांपूर्वी मोठ्या अभिमानानं घेतलेली एक मात्रा मी स्वतःच्या हातानं खाली उतरवून ठेवत होतो. व्याकरणाच्या दृष्टीनं ते चूक होतं. सरकारच्या दृष्टीनं तो मी होतो. “बरोबर आहे,” मी म्हणालो. आवाज जरा बसला.

दुरुस्ती व्हायला साडेतीन आठवडे लागले. त्यामुळं पहिली तारीख बदलली.

दुसरी तारीख जुलैमधली. सगळे कागद जुळले होते, पिशवी भरलेली होती, आणि सकाळी सहापासून पाऊस धो धो. आमच्या भागात जुलैतली तारीख घेणं म्हणजे रेल्वेशी पैज लावणं. आठची गाडी साडेनऊला आली, कल्याणच्या अलीकडं उभी राहिली आणि उभीच राहिली. रुळांवर पाणी. डब्यातल्या लोकांनी पत्ते काढले. माझी वेळ साडेदहाची. साडेअकराला मी रुळांवरून चालत घरी आलो. फाइल डोक्यावर, प्लास्टिकमध्ये. वसुदेवानं कृष्णाला नेलं तसं मी दहावीचं प्रमाणपत्र आणलं. दुसरी संधी अशी गेली.

तिसरी तारीख मी स्वतः उचलली, मोबाइलवर, रात्री साडेअकराला, कुणाला न विचारता. सकाळी सौभाग्यवतीनं कॅलेंडर बघून शांतपणे सांगितलं की त्या दिवशी गौरी येतात. आमच्याकडं गौरी उभ्याच्या असतात आणि त्यांचे मुखवटे माळ्यावरून काढायचं काम साठ किलोच्या एकमेव पुरुषाकडं आहे. तारीख पुन्हा बदलली. तीनपैकी तीन संपल्या. आता चुकलं तर सगळा अर्ज पहिल्यापासून.

या वेळी घरात सभा बसली. मोकळ्या तारखा पडद्यावर दिसत होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच, माझ्या अंदाजानं, पंचांग बघणाऱ्यांनी सोडलेल्या होत्या. सगळा पितृपक्ष मोकळा पडला होता. आई म्हणाली, “पक्षात काही नवं करू नये.” मी म्हणालो, “आई, लग्न नाही करायचंय, कागद दाखवायचेत.” सौभाग्यवती म्हणाली, “घटस्थापनेनंतरची घ्या.” जावई व्हिडिओवरून म्हणाला की तोवर व्हिसाला उशीर होईल. आम्ही बोलत होतो तोवर दोन तारखा पडद्यावरून गेल्या. पोरगी म्हणते ते खरं. ही तारीख विचारविनिमयाची नव्हे. मी घाईघाईनं उरलेली एक उचलली आणि मग मराठी तिथी पाहिली. भाद्रपद वद्य पंचमी.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ह्यांचीच तिथी.”

वडील पंचमीला गेले. दरवर्षी त्या दिवशी घरात खीर-वडे होतात, कावळ्याला पान वाढतात आणि तो येईतोवर कुणी जेवत नाही.

“पान लवकर वाढू,” आई म्हणाली. “ह्यांचंच नाव नीट लावून घ्यायला चाललायस. अडवतील कशाला?”

त्या दिवशी कावळा पावणेसातला आला. मी अंबरनाथपर्यंत उलटं गेलो आणि बसून परत आलो, कारण आमच्या स्टेशनात चढलेल्या माणसाची घडी मोडते, आणि त्याच्याबरोबर कागदांचीही. अंगात गणपतीतला निळा झब्बा होता. पांढरा शर्ट घालू नका, असं पोरगीनं बजावलं होतं; फोटोची पार्श्वभूमी पांढरी असते, पांढऱ्यात पांढरा माणूस म्हणजे नुसतं डोकं तरंगतं. साडेदहाच्या वेळेसाठी मी पावणेनऊला दारात हजर. रखवालदार म्हणाला, “साडेदहावाले सव्वादहाला.” मी त्याला दीड पानी अर्ज दाखवायचा विचार केला, पण आवरलं.

आत गेल्यावर टोकन मिळतं आणि तीन टप्पे असतात : ए, बी, सी. ए खिडकीवर एका खाजगी कंपनीची मुलं बसतात. ती कागद स्कॅन करतात, तिथंच फोटो काढतात, बोटांचे ठसे घेतात. चष्मा काढायला लावला, त्यामुळं फोटोत मी कुणाकडं बघतोय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. ठसे नीट उमटेनात. मुलानं विचारलं, “काका, काम काय करता?” प्रूफरीडर, म्हटलं. त्याला ते काही कळलं नाही. तिसऱ्या वेळी ओल्या रुमालानं बोट पुसल्यावर माझं रेघारेघांचं अस्तित्व यंत्रानं मान्य केलं.

बी खिडकीवर सरकारी अधिकारी. इथं खरी पडताळणी. पन्नाशीच्या बाई होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी दहावीचं प्रमाणपत्र घेतलं, आधार घेतलं, पॅन घेतलं. बोट एका नावावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. असं बोट मी ओळखतो. हे आमच्या धंद्यातलं बोट आहे. अक्षरावर थांबतं आणि अर्थ वाचत नाही. मी श्वास रोखून टी मोजत होतो. एक, दोन. एक, दोन. एक, दोन.

“जुळतंय,” बाई म्हणाल्या.

माझ्या फाइलीत खाली तो अर्ज राहिलेला होता. फाइल परत करताना त्यांना तो दिसला.

“हे काय?”

“तो... आधी लिहिला होता. तारीख मागायला. लागत नाही म्हणे.”

त्यांनी तो उचलला आणि वाचायला लागल्या. मागं रांग, वर टोकनांचे आकडे बदलतायत, आणि बाई वाचतायत. नागपंचमीपाशी जरा हसल्या. उपवासापाशी माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं, उतरलाय का बघायला. मग त्यांनी पेन्सिल घेतली, शेवटच्या परिच्छेदाखालच्या सहीपाशी एक बारीक गोल केला आणि कागद माझ्याकडं वळवला.

“इथं तुम्ही ‘दत्तात्रेय विठल’ लिहिलंय. ठ्ठ हवा ना?”

चौतीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी असं पकडलं नव्हतं. मी खाली पाहिलं. विठल. स्वच्छ, सुवाच्य, माझ्याच हस्ताक्षरात. मी तो अर्ज किमान आठ वेळा वाचला होता. आमच्यात म्हणतात, आपलं प्रूफ आपण वाचू नये.

“बरं झालं पाठवला नाहीत,” बाई म्हणाल्या आणि पुढचं टोकन आलं.

सी खिडकीवर दोन मिनिटं लागली. बाहेर पडताना हातात पावती आली, अर्ज मंजूर, पोलीस चौकशी बाकी.

पोलीसदादा आठवड्याभरात आले. साध्या वेषात, हातात टॅब. मी नेमका दूध आणायला गेलेलो. परत आलो तर ते ओट्यावर बसलेले, आई समोर पाटावर. चौकशी अर्ध्यावर होती.

“आजी, मुलगा इथंच राहतो ना?”

“जन्मापासून.”

“नाव?”

“दत्तू. दत्तात्रय.” मात्रा न देता. मला बरं वाटलं.

“आणि यांच्या वडिलांचं नाव?”

आई गप्प. पोलीसदादांना वाटलं ऐकू आलं नाही. त्यांनी मोठ्यानं पुन्हा विचारलं. आईनं पदर सावरला. मी पुढं होणार तेवढ्यात ती म्हणाली, “गाडीनं आलात का तुम्ही?”

“हो, लोकलनं.”

“मग उतरलात तिथली पाटी वाचली असेल. त्यातली वाडी सोडा. उरतं ते.”

दादांना एक क्षण लागला. मग ते हसले, टॅबवर नजर टाकली आणि भुवया जवळ आणल्या. माझ्या पोटात गोळा आला.

“पण आजी, स्टेशनच्या पाटीवर इंग्रजीत एकच टी आहे. इथं दोन आहेत.”

आई म्हणाली, “मग पाटी चुकलीय. ह्यांचं बरोबर आहे.”